पणतीभोवतीचं धुकं आणि लेन्सवरचा तेलाचा हात

प्रश्न: नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर अंगणातल्या पणत्यांचे फोटो काढले, तर प्रत्येक ज्योतीभोवती धुक्यासारखा पिवळा गोळा दिसतोय आणि प्रत्येक दिव्यातून एकाच दिशेला गेलेली तिरकी रेघ. दिवसा फोटो नीट येतात. लेन्स ओढणीला पुसली तरी तसंच. दुकानवाला म्हणतो कॅमेरा मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल. बदलू का?

उत्तर:

नका बदलू, निदान मी खाली सांगतोय ते करून बघेपर्यंत तरी एक रुपया देऊ नका. मी वीसेक वर्षं कॅमेऱ्याच्या लेन्स साफ करण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतोय, त्यातली गेली बरीच वर्षं जास्त करून फोनच येतात, आणि तुम्ही लिहिलंय तसाच फोन दर दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर येतो. तुमच्या चार ओळींतच उत्तर आहे खरं तर. अंघोळी झाल्यावर, म्हणजे अभ्यंगाचं तेल घरातल्या प्रत्येकाच्या हाताला लागलेलं होतं. एकाच दिशेला तिरकी रेघ, म्हणजे ते तेल काचेवर एका दिशेने ओढलं गेलंय. आणि दिवसा फोटो नीट, म्हणजे आतला सेन्सर, फोकस सगळं ठणठणीत आहे. मॉड्यूल गेलं असतं तर ते दिवाळी बघून गेलं नसतं, दुपारी बाराच्या उन्हातसुद्धा फोटो बिघडलेच असते.

आधी काचेवर नेमकं काय बसलंय ते सांगतो म्हणजे पुढचं पुसण्याचं का ते कळेल. फोनच्या मागे तुम्हाला जी गोल काच दिसते ती खरी लेन्स नाही, ती वरची संरक्षक काच, खरी लेन्स तिच्या खाली थोडी आत असते आणि ती बारीक प्लास्टिकच्या पाच-सहा भिंगांची चळत असते. माझ्याकडे सोनार वापरतात तसलं दहापटीचं भिंग आहे, ते डोळ्याला लावून अंगठा लागलेली काच तिरकी धरली की मस्त दिसतं, बोटाच्या ठशाच्या रेघा म्हणजे तेलाचे बांध असतात, पण सलग बांध नाही, बारीक बारीक थेंबांची रांग, कुठे मोठा थेंब कुठे लहान, आणि दोन रांगांच्या मध्ये जवळजवळ कोरडी काच. प्रत्येक थेंब हा एक छोटासा फुगीर भिंगच. त्यातून जाणारा उजेड सरळ आत जात नाही, थोडासा वाकून जातो, कुठला डावीकडे कुठला वर, थेंब जसा असेल तसा. तेल काळं नसतं, पारदर्शकच असतं, त्यामुळे ते उजेड अडवत नाही, उजेडाची वाट चुकवतं, आणि हाच सगळा घोटाळा आहे. धूळ उजेड अडवते, म्हणून काचेवर धुळीचा एखादा कण असला तर फोटोत बहुतेक वेळा काहीच कळत नाही. तेल मात्र अडवत नाही तर पसरवतं.

लोकांना प्रश्न पडतो की ठसा काचेवर आहे तर फोटोत ठसा का दिसत नाही, धुकंच का दिसतं. डोळ्याच्या अगदी जवळ शिवणाची सुई धरून लांबच्या झाडाकडे बघा, सुई दिसतच नाही, नुसतं जरासं धूसर वाटतं. काच लेन्सच्या इतकी जवळ आहे की तिच्यावरची कुठलीच गोष्ट फोकसमध्ये येऊ शकत नाही, त्यामुळे ठशाचा आकार दिसत नाही, फक्त त्याने केलेला उजेडाचा पसारा दिसतो. चष्मा वापरणाऱ्यांना हे पटकन कळतं, भजी खाताना चष्म्याला बोट लागलं की दिवसा चालून जातं पण रात्री समोरून ट्रक आला की त्याच्या हेडलाइटचा भलामोठा गोळा होतो, काचेवरचं बोट मात्र दिसत नाही.

फोनला हे जास्त बाधतं त्याचं कारण भोकाचा आकार. मोठ्या कॅमेऱ्याची ५० एमएमची एफ १.८ लेन्स घ्या, उजेड आत शिरायची तिची वाट जवळपास २८ मिलिमीटर रुंद असते, तिच्यावर एखादं बोट लागलं तरी बाकीची बरीचशी काच स्वच्छ राहते आणि फोटो निभावून जातो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची हीच वाट साधारण ३ ते ४ मिलिमीटर असते. ज्वारीच्या दाण्याएवढी. बोटाच्या दोन रेघांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं म्हणजे या भोकासमोर सहा-आठ तेलकट रेघा सहज बसतात आणि सलग स्वच्छ काच उरतच नाही, येणाऱ्या उजेडाचा बराच भाग तेलातून गाळून येतो. म्हणून फोनवर 'थोडंसंच बोट लागलंय' असं काही नसतं, लागलं तर पूर्णच लागलं.

आता दिवसा का चालतं आणि पणतीला का चालत नाही. पणतीची ज्योत आणि तिच्या मागची काळोखातली भिंत, समजा ज्योत भिंतीपेक्षा हजारपट उजळ आहे. तेलाने ज्योतीच्या उजेडाचा शंभरातला फक्त एक भाग भलतीकडे पाठवला आणि तो ज्योतीच्या दहापट जागेवर पसरला असं धरा. म्हणजे त्या जागेत प्रत्येक ठिकाणी ज्योतीच्या हजाराव्या भागाएवढा उजेड जाऊन पडला, आणि भिंत स्वतःच तेवढीच उजळ होती, म्हणजे ज्योतीभोवतीची भिंत फोटोत आपोआप दुप्पट उजळ झाली. शंभरातला एक भाग चुकला तर हे, चांगला तेलकट अंगठा लागला की त्याहून कितीतरी जास्त चुकतो. हाच तुमचा पिवळा गोळा, ज्योतीचाच रंग घेऊन आलेला. दिवसा अंगणात सगळंच उजळ असतं, उन्हातली फरशी आणि सावलीतली कुंडी यांच्यात हजारपट फरक नसतो, तेव्हा चुकलेला उजेड उजळ गोष्टींवरच पडतो आणि जाणवत नाही, फोटो जरा फिका होतो एवढंच, आणि फोन स्वतःच थोडा कॉन्ट्रास्ट वाढवून ते झाकून टाकतो. पण दिवसासुद्धा खिडकीत बसलेल्या माणसाचा आतून फोटो काढून बघा, त्याच फोनने, चेहऱ्यावर दुधाची साय आल्यासारखं दिसेल. तुम्ही दिवाळीनंतर असा फोटो काढला नसेल म्हणून दिवसा ठीक वाटतंय.

रेघेचं वेगळं आहे आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नातला तोच सगळ्यात कामाचा पुरावा आहे. नुसतं बोट टेकलं तर गोल धुकं येतं. बोट किंवा कापड एका दिशेने ओढलं की तेलाच्या समांतर बारीक सऱ्या पडतात, नांगरलेल्या शेतासारख्या, आणि प्रत्येक सरी उजेडाला फक्त आडवा फेकते, सरीच्या लांबीच्या दिशेने नाही. म्हणून रेघ नेहमी पुसलेल्या दिशेच्या काटकोनात येते. लेन्स वरून खाली पुसली तर दिव्यातून आडवी रेघ, आडवी पुसली तर उभी रेघ, तिरकी पुसली तर उलट तिरकी. रात्री एसटीत पुढच्या सीटवर बसून बघा, वायपरने काचेवर तेलकट पाणी फिरवलेलं असलं की समोरच्या दिव्यांतून लांबलचक रेघा निघतात आणि त्या वायपरच्या चालीला आडव्या असतात, अगदी तेच. तुमच्या सगळ्या पणत्यांतून एकाच कोनात रेघ आहे त्याचा अर्थ ओढणीने तेल गेलं नाही, फक्त एका दिशेने सारवलं गेलं.

हे घरी एका मिनिटात तपासता येतं. लेन्सवर मुद्दाम ओढणी उभी फिरवा आणि दिव्याचा फोटो काढा, मग आडवी फिरवा आणि परत काढा. रेघ फिरली तर दोष काचेवरच्या तेलाचा, दुसरा कसलाही नाही, कारण मॉड्यूल बिघडलं असतं तर तुम्ही वरून काय कुठल्या दिशेला पुसता याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. दुकानवाल्याच्या समोर हे करून दाखवा.

अजून एक बारीक गोष्ट, दिवाळीपुरतीच आहे पण सांगावीशी वाटते. तुमच्याकडे अभ्यंगाला खोबरेल वापरत असाल तर ते साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, बाथरूममधली बाटली पहाटे पांढरी झालेली आपण बघतोच. अंगणात थंडीत ठेवलेल्या फोनच्या काचेवरसुद्धा ते तसंच पांढुरकं होतं, आणि गोठलेलं तेल पातळ तेलापेक्षा उजेड जास्त विस्कटतं. फोन हातात गरम झाला की तेच तेल पुन्हा वितळून पारदर्शक होतं. त्यामुळे पहाटे पहिले दहा फोटो भयंकर धुरकट आणि नंतरचे जरा बरे असं झालं असेल तर त्याचं कारण हे असू शकतं.

आता साफ करणं. ओढणीने का झालं नाही, तर एक म्हणजे कोरडं कापड तेल उचलत नाही, ते पातळ करून सगळीकडे लावतं, आणि दुसरं म्हणजे ओढणी सणासुदीची, गुळगुळीत विणीची असणार, तिला तेल नीट उचलता येत नाही. शिवाय अंगावरच्या कपड्याला आपल्याच मानेचं-हाताचं तेल आणि घाम असतो. सुती धुतलेला मऊ रुमाल त्यापेक्षा शंभर पटींनी बरा.

पहिलं काम पुसणं नाही, फुंकर. लेन्स खाली जमिनीकडे तोंड करून धरा आणि रबरी ब्लोअरने दोन-चार वेळा हवा मारा, ब्लोअर नसेल तर स्वच्छ कोरडा मऊ ब्रश हलकासा फिरवा. तोंडाने जोरात फुंकलं तर थुंकीचे तुषार उडतात आणि ते वाळले की डाग पडतात, म्हणून ते टाळा. हे कशासाठी, तर अंगणातली माती, रांगोळी, वाळू यांचे कण काचेवर असतात आणि त्यातला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो. तो कापडाखाली सापडून फिरला की काचेवर कायमचा ओरखडा, तेल निघतं पण ओरखडा निघत नाही. रांगोळीच्या दिवसांत तर ही पायरी अजिबात गाळू नका.

मग लेन्सवर हळूच 'हाऽ' करून वाफ सोडा, फुंकर नाही, आरशावर करतो तसं. आणि लगेच पुसू नका, दोन सेकंद बघा, कारण ही वाफ तुम्हाला निदानही देते. काच स्वच्छ असली तर वाफ एकसारखी येते आणि कडेकडून आत एकसारखी उडून जाते. तेल असलं तर ठिपके ठिपके पडतात, बोटाच्या रेघा उमटतात, कुठे वाफ आधी जाते कुठे रेंगाळते. आता कापड घ्या, चष्म्याच्या डब्यात मिळतं ते मायक्रोफायबरचं, त्याचं एक टोक बोटावर गुंडाळा आणि मधून सुरू करून गोल गोल कडेपर्यंत या, दाब अगदी थोडा, डोळ्याची पापणी पुसताना देतो तेवढा. कडेला आलात की कापडाचं ते टोक सोडा आणि नवीन कोरडं टोक घेऊन पुन्हा एकदा. बहुतेक लोक इथेच चुकतात, त्याच टोकाने पाच मिनिटं घासत बसतात, आणि पहिल्या फेरीत कापडाने उचललेलं तेल दुसऱ्या फेरीत परत काचेवर जातं. लेन्सच्या कडेला धातूचं उंच कडं असतं, त्याच्या कोपऱ्यात तेल साचतं आणि गोल फिरवताना तिथूनच पुन्हा मध्ये येतं, तिथे कापडाचं टोक टोकदार करून एकदा फिरवा.

साध्या अंगठ्याच्या डागाला वाफ आणि कापड एवढं पुरतं. अभ्यंगाचं तेल, चकलीचं तेल, हळदीच्या कार्यक्रमातली तेलात कालवलेली हळद, यांना नाही पुरत, कारण वाफ म्हणजे पाणीच आणि पाणी तेलाला धरत नाही. त्याला चष्म्याच्या दुकानात मिळणारा लेन्स साफ करायचा स्प्रे किंवा ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल रिपेअरवाले ज्याला नुसतं आयपीए म्हणतात. एक थेंब, आणि तो कापडावर, फोनवर नाही. फोनवर फवारलं तर लिक्विड कड्याच्या फटीतून, माइकच्या भोकातून आत जाऊ शकतं. कापडाचा ओला भाग गोल फिरवा, लगेच दुसऱ्या कोरड्या टोकाने पुसा, वाळेपर्यंत थांबू नका, कारण अल्कोहोल उडून गेलं की त्यात विरघळलेलं तेल तिथेच पातळ थर होऊन बसतं. दोनदा केलं की बस. रोज रोज अल्कोहोल लावू नका, काचेवर बोटाचे डाग धरू नयेत म्हणून जो लेप असतो तो हळूहळू झिजतो आणि मग काच आधीपेक्षा जास्त तेल धरायला लागते.

हँड सॅनिटायझर वापरू नका, लोक अल्कोहोल म्हणून तेच लावतात. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते चिकट थर म्हणून मागे राहतं, धुकं वाढतं. टूथपेस्टने ओरखडे जातात हे जे सांगतात ते तर ऐकूच नका, टूथपेस्टमध्ये घासायची बारीक पूड असते, तिने काच मॅट होते, आणि मग ते धुकं कायमचं. टिश्यू पेपर, पेपर नॅपकिन हेही नको, कोरडा कागद झिजतो आणि त्याचे तंतू कड्यात अडकतात.

कापडाबद्दल एक प्रसंग सांगतो. एक शिक्षिका आल्या होत्या, मुलीच्या हळदीचे फोटो सगळे पिवळट धुक्यात, एका ठिकाणी त्यांना मॉड्यूल बदलायलाच सांगितलं होतं. भिंगाखाली बघितलं तर काचेवर हळदीच्या तेलाचा थर, खिशातून काढताना अंगठा तिरका फिरायचा त्याच्या सऱ्या. मी आयपीएने साफ केलं, माझ्या भिंतीवरच्या छोट्या एलईडीचा फोटो काढला, एकदम कडक आला, काळोख काळा आणि दिवा टोकदार. त्या खूश होऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत, म्हणे परत तेच, आणि आता रेघ आडवी येतेय. आता हळद नाही, तेल नाही, मग काय. मी म्हटलं तुम्ही कशाने पुसता दाखवा. त्यांनी पर्समधून स्वच्छ धुतलेलं मायक्रोफायबर काढलं. मी माझ्या कोऱ्या काचपट्टीवर ते कापड वरून खाली फिरवलं आणि वाफ सोडली तर उभ्या सऱ्या स्पष्ट. कापड वॉशिंग मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर धुतलेलं, आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विड. ते लिक्विड धाग्यांवर मेणचट थर देतं, म्हणूनच कपडे मऊ लागतात, आणि तोच थर त्या लेन्सला लावत होत्या. कापड साध्या भांडी घासायच्या लिक्विडच्या दोन थेंबांत कोमट पाण्यात चोळून, तीन-चार वेळा स्वच्छ पाण्यातून काढून, सावलीत वाळवलं, त्यानंतर काहीच झालं नाही. तेव्हापासून मी कुणी परत आलं की आधी फोन नाही, कापड बघतो. तुम्हीही तुमचं कापड असंच काचेच्या ग्लासवर तपासून घ्या, ग्लासवर फिरवा, वाफ सोडा, सऱ्या दिसल्या तर कापड धुवायला टाका.

साफ झालं की नाही हे दिवसा काचेकडे बघून ठरवू नका, नुसत्या डोळ्याला काच चकचकीतच दिसते. रात्री खोलीतले दिवे बंद करा, साधारण दोन मीटरवर एक पणती किंवा मेणबत्ती ठेवा, मागे भिंत काळोखात राहील असं, आणि १x झूमवर स्क्रीनवरच्या ज्योतीवर बोट टेकवून उजेड कमी होऊ द्या, मग फोटो काढा. नंतर फोन उभ्याचा आडवा करून परत काढा. बघायचं ते ज्योतीपासून बोटभर लांबच्या भिंतीकडे, ज्योतीकडे नाही. तिथे काळं ते काळं दिसलं पाहिजे. ज्योतीला चिकटून अगदी थोडी आभा कुठल्याही चांगल्या लेन्सला राहते, तिच्यामागे लागू नका. रेघ राहिली असेल तर दोन्ही फोटोंत ती फोनच्या लांब बाजूशी त्याच कोनात असेल, म्हणजे कारण अजून फोनवरच आहे. आणि मागचे सगळे कॅमेरे तपासा, बरेच जण मोठी लेन्स पुसतात आणि वाइडची तशीच राहते. कमी उजेडात काही फोन २x-३x दाबलं तरी झूमची लेन्स न वापरता मुख्य लेन्सचाच फोटो कापून मोठा करतात, त्यामुळे कुठली लेन्स चालू आहे हे स्क्रीनवरच्या आकड्यावरून कळत नाही, एकेका लेन्ससमोर बोट धरून बघा, स्क्रीन काळी झाली की ती. समोरचा सेल्फी कॅमेराही, फोनवर बोलताना गालाचं तेल त्यालाच लागतं.

काही गोष्टी पुसून जात नाहीत, त्यांना तेल समजून घासत बसू नका. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा खरा धूर असतो, तेव्हा लांबचे दिवे धुरकट आणि दोन हातांवरची पणती स्वच्छ दिसते, तेलाने मात्र जवळचे-लांबचे सगळे दिवे सारखेच फुलतात. दिव्याच्या समोरासमोर फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला हिरवा किंवा निळसर ठिपका तरंगतो आणि फोन हलवला की तो उलट्या बाजूला सरकतो, ते भिंगांमधल्या आतल्या परावर्तनाने होतं, नव्या कोऱ्या फोनलाही होतं. एसीतून एकदम दमट हवेत आलात आणि सगळंच धुरकट झालं तर काचेवर वाफ धरलीय, काही मिनिटांत आपली जाते. लेन्सवर वेगळी प्रोटेक्टर काच चिकटवली असेल तर साफ करण्याआधी ती काढूनच टाका असं माझं स्पष्ट मत आहे, साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, तुम्ही असे दोन जास्तीचे पृष्ठभाग लावलेत, आणि त्या दोन काचांच्या मध्ये जे तेल-धूळ शिरतं ते बाहेरून कितीही पुसलं तरी निघत नाही.

जुने फोटो आता एडिटिंगमध्ये डीहेझने धुरकटपणा कमी करून थोडे सुधारतील, काळं परत काळं होईल, पण गोळ्याच्या खाली दबलेली रांगोळीची रेघ परत येणार नाही, तिथे पसरलेल्या उजेडाने माहितीच झाकून टाकलीय. पूर्वी स्टुडिओवाले मुद्दाम लेन्ससमोरच्या फिल्टरवर व्हॅसलीनचा हात फिरवून नवरीचे मऊ, उजळ कडांचे फोटो काढायचे, पण ते फिल्टरवर लावायचे, लेन्सवर नाही, आणि मधला भाग स्वच्छ ठेवायचे म्हणजे चेहरा टवटवीत राही.

सगळं करून, प्रोटेक्टर काढून, धुतलेल्या कापडाने आणि आयपीएने दोनदा पुसूनसुद्धा पणतीचा फोटो तसाच आला, रेघ नाही पण गोल धुकं आहे, तरच आत काही आहे असं धरा. खोली अंधारी करून दुसऱ्या फोनचा टॉर्च लेन्सवर बाजूने तिरका मारा. वरच्या काचेवर केसासारखे ओरखडे चमकले तर फक्त वरची काच बदलायची, पुष्कळ फोनमध्ये ती वेगळी मिळते आणि तिचा खर्च मॉड्यूलच्या तुलनेत किरकोळ असतो. वरची काच स्वच्छ आणि तिच्या खाली दुधी पडदा किंवा थेंबांचे वाळलेले डाग दिसले तर फोनमध्ये कधीतरी पाणी गेलंय, तेव्हा दुकानवाल्याला आधी काच काढून आतून साफ करायला सांगा आणि त्याच पणतीचा फोटो त्याच्यासमोर काढा, मॉड्यूलचं बोलणं त्या फोटोनंतर.